देवासचे पाणी, धारची वीज आणि दराचा प्रश्न

माळव्यातले देवास हे गाव एकेकाळी दोन राजांचे होते. पवार घराण्यातील तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांनी अठराव्या शतकात ते मिळवले आणि पुढे थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदली. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९१२ साली तेथे गेला होता. दोन्ही राजांचे दरबार वेगळे, फौजा वेगळ्या, टेनिसचे क्लब वेगळे, इतकेच नव्हे तर पाणीपुरवठ्याची व्यवस्थादेखील वेगळी, हे पाहून त्याला मोठी मौज वाटली होती. त्याची पत्रे 'द हिल ऑफ देवी' या १९५३ च्या पुस्तकात आहेत.

फॉर्स्टरला जी मौज वाटली, ती अर्थशास्त्राच्या शिक्षकाला आयते उदाहरण वाटते. टेनिसचे दोन क्लब असले तर बिघडत नाही, कदाचित चुरस वाढून खेळ सुधारेलही. पण एका गल्लीतून दोन राजांचे दोन नळ गेले तर खोदाई दोनदा, लोखंड दुप्पट, टाक्या दोन, आणि पाणी मात्र तेवढेच. जेथे एकाच संस्थेने सर्वांना पुरवठा करणे हे दोघांनी वाटून घेण्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडते, त्या धंद्याला आपण नैसर्गिक मक्तेदारी म्हणतो. नळ, विजेच्या तारा, रेल्वेचे रूळ, पूल ही सगळी त्याच जातीची मंडळी. १९४८ साली दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि देवासचा हा घोळ राजकारणानेच मिटवला. मात्र त्याहून अवघड प्रश्न तेथूनच सुरू होतो. मक्तेदार एकच राहणार हे ठरले, तर त्याने दर काय लावावा, आणि तो कोणी ठरवावा?

मी पदवीच्या वर्गाला हा भाग शिकवतो. फळ्यावर उतरत जाणारी सरासरी खर्चाची वक्ररेषा काढायची, तिच्या खाली सीमान्त खर्चाची रेषा काढायची, मागणीची रेषा दोघींना छेदून न्यायची, की तास संपतो. विद्यार्थी आकृती पाठ करतात आणि परीक्षेत ती बिनचूक काढतात. पण 'सीमान्त खर्चाइतकी किंमत ठेवली तर संस्था तोट्यात जाते' हे वाक्य लिहिताना तो तोटा किती, कोणाच्या खिशातून, आणि तो सोसावा तरी का, हे कोणी विचारत नाही. म्हणून या अंकासाठी आकृती न काढता देवासचेच पाणी घेऊन हा हिशेब करून पाहावा असे ठरवले.

देवास पठारावर आहे आणि पाण्याची ओढ त्याच्या पाचवीला पुजलेली आहे. १९९० च्या सुमारास तेथे आगगाडीने पाणी आणावे लागले होते. गावाबाहेर मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली, विंधनविहिरी खोल खोल जात राहिल्या, आणि अखेर चालू शतकाच्या पहिल्या दशकात जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या नेमावर येथून नर्मदेचे पाणी उद्योगांना देण्याची योजना झाली. रोज २३ दशलक्ष लिटर क्षमतेची, शंभराहून अधिक किलोमीटर लांबीची ही वाहिनी. खाजगी कंपनीने बांधायची, ठरावीक वर्षे चालवायची आणि मग सरकारच्या हवाली करायची अशा धर्तीचा तिचा करार. औद्योगिक पाणीपुरवठा खाजगी हाती देण्याच्या आपल्याकडील अगदी पहिल्या प्रयोगांत तिची गणना होते.

आता या वाहिनीकडे नुसत्या पदार्थविज्ञानाच्या नजरेने पाहा. नेमावरच्या नर्मदेपेक्षा देवास सुमारे अडीचशे मीटर उंच आहे. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी एवढे वर चढवायला गणिताने पाऊण युनिटाहून थोडी कमी वीज लागते. पंप शंभर टक्के कार्यक्षम नसतात आणि इतक्या लांब नळात घर्षणानेही पुष्कळ शक्ती खर्च होते. तेव्हा आपण दीड युनिट धरू. सात रुपये दराने साडेदहा रुपये झाले. शुद्धीकरणाची औषधे वगैरे मिळून दीड रुपया धरला तर हजार लिटर जादा पाणी देवासपर्यंत आणण्याचा खर्च १२ रुपये. हा सीमान्त खर्च. वाहिनी एकदा पुरून झाल्यावर आणखी एका टाकीसाठी समाजाला जे काही खर्चावे लागते ते एवढेच.

वाहिनीच्या भांडवलावरील व्याज, घसारा, पहारेकरी, गळती दुरुस्त करणारे कामगार यांचा खर्च मात्र पाणी वाहो न वाहो, होतच राहतो. तो वर्षाला ४ कोटी ८० लाख रुपये धरू. हा आकडा आणि यापुढील मागणीचे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, योजनेच्या हिशेबवह्यांतले नव्हेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. क्षमता मात्र खरी आहे. रोज २३ हजार घनमीटर म्हणजे वर्षाला सुमारे ८४ लाख घनमीटर. दर १२ रुपये असेल तर कारखाने बरोबर हे सगळे ८४ लाख घेतात, आणि दर एकेक रुपयाने वाढला की ३ लाखांनी कमी घेतात, अशी मागणी मानू.

प्रथम १२ रुपये दर लावू. वाहिनी पूर्ण भरून वाहते. वसुलीत पंपाची वीज आणि औषधे भागतात, आणि वर्षाअखेर बरोबर ४ कोटी ८० लाखांचा तोटा येतो. येथे 'बरोबर' हा शब्द मी मुद्दाम वापरला. हा तोटा गैरकारभाराचा नाही, चोरीचा नाही, गळतीचाही नाही. स्थिर खर्चाचा एक पैसाही या दरात धरलेला नाही, म्हणून तो सगळाच्या सगळा उरतो. वर्तमानपत्रांत 'सार्वजनिक संस्थेचा तोटा' असा मथळा आला की आपण लगेच नाक मुरडतो. पण तोटा दराच्या तत्त्वातून आला की कारभारातून आला, हे तपासल्याशिवाय त्या मथळ्याला अर्थ नाही.

आता दुसरा मार्ग. नियामक म्हणतो, तोटा नको आणि जादा नफाही नको, सरासरी खर्च निघेल एवढाच दर लावा. वाहिनीचा हिशेबनीस ४ कोटी ८० लाखांना ८४ लाखांनी भागतो, ५ रुपये ७१ पैसे येतात, आणि तो १७ रुपये ७१ पैसे असा दर काढतो. दर वाढताच मागणी ६७ लाखांवर येते आणि वर्षाअखेर जवळजवळ एक कोटी कमी पडतात. हिशेबनीस पुन्हा भागाकार करतो. आता भाजक लहान, म्हणून दर १९ रुपयांच्या वर. मागणी आणखी घटते, पुन्हा भागाकार. हा जिना एका पायरीवर संपतो. दर २० रुपये, मागणी ६० लाख. तेथे ८ रुपये गुणिले ६० लाख म्हणजे ४ कोटी ८० लाख, सगळा खर्च निघाला. सरासरी खर्च ही संस्थेच्या वहीत लिहून ठेवलेली स्थिर संख्या नसते, दराबरोबर तीही हलते. पाठ्यपुस्तकातली आकृती हे सांगते खरे, पण एका बिंदूवर बोट ठेवून सांगते, आणि त्या बिंदूवर पोहोचेपर्यंतची ओढाताण तीत दिसत नाही.

तोटा गेला, नियामक खूश. मग बिघडले कोठे? वाहिनीत आता २४ लाख घनमीटर जागा रिकामी आहे. हे पाणी ज्यांनी सोडले त्यांना ते १२ ते २० रुपयांच्या दरम्यान कोठेतरी मोलाचे वाटत होते. एखादा रंगाईचा कारखाना १६ रुपये आनंदाने देता, आणि ते पाणी आणायला खर्च १२ च होता. तो आता एक तर उत्पादन कमी करतो, नाहीतर अंगणात विंधनविहीर घेऊन ज्या भूजलावर आधीच गदा आली आहे त्यावर आणखी एक घाव घालतो. प्रत्येक घनमीटरमागे सरासरी ४ रुपयांचे हित बुडाले असे धरले तर २४ लाखांवर ९६ लाख रुपये. हे पैसे कोणाच्याच खिशात गेले नाहीत, ते हवेत विरले. सरासरी खर्चाच्या दराची खरी किंमत ही आहे, आणि ती कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

हा विचार नवा नाही. फ्रान्समधील पूल बांधणारा इंजिनिअर ज्यूल द्युप्युई याने १८४४ सालीच तो मांडला होता. धार जिल्ह्यात खलघाटला आग्रा-मुंबई महामार्ग नर्मदा ओलांडतो. तेथल्यासारखा पूल गर्दी नसताना आणखी एका गाडीने ओलांडला म्हणून खर्च किती वाढतो? जवळजवळ शून्य. मग पथकर भरावा लागतो म्हणून जी गाडी पूल टाळते, तिचे हित निष्कारण बुडते. पुढे १९३८ साली हॅरॉल्ड हॉटेलिंगने हेच सूत्र रेल्वे आणि विजेला लावले. दर सीमान्त खर्चाइतकाच ठेवा आणि स्थिर खर्च सरकारने प्राप्तिकर, वारसाकर, जमिनीच्या मूल्यावरचा कर अशा करांतून भागवावा, असे त्याने सांगितले.

हॉटेलिंग वर्गात शिकवायला फार सोपा आणि पटायलाही सोपा. आमच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने मात्र त्याला पहिल्याच तासाला अडवले. "सर, देवासच्या कारखान्याच्या पाण्याचे पैसे धारच्या आदिवासीने का द्यायचे?" तिला ठाऊक नव्हते, पण १९४६ साली रोनाल्ड कोझने 'सीमान्त खर्चाचा वाद' या अर्थाच्या मथळ्याच्या लेखात जवळजवळ हाच आक्षेप घेतला होता. कुक्षीच्या बाजारात काडेपेटी आणि साबण घेणारा माणूसही अप्रत्यक्ष कर भरतो. त्या करातून ४ कोटी ८० लाख काढून ते कारखान्यांच्या नळात ओतायचे, तर कार्यक्षमतेच्या नावाखाली गरिबाकडून श्रीमंताकडे पैसा गेला. आणि कर गोळा करणेही फुकट होत नाही. करामुळे माणसे आपले व्यवहार बदलतात आणि तेथेही हित बुडते. प्रत्येक रुपयामागे असे २० पैसे बुडतात असे धरा. ४ कोटी ८० लाखांचे २० टक्के किती होतात ते मनातल्या मनात करून पाहा. ९६ लाख! म्हणजे आपल्या उदाहरणात दोन्ही मार्ग अगदी सारख्या तोलाचे ठरले. कर गोळा करण्याची झीज यापेक्षा कमी असेल तर हॉटेलिंग जिंकतो, जास्त असेल तर सरासरी खर्चवाला. (आकडे मी जुळवून घेतले असा संशय कोणाला आल्यास तो खरा आहे. पण वाद किती निसरड्या जागी उभा आहे हे दाखवायला ते बरे पडले.)

कोझचा दुसरा आक्षेप मला अधिक खोल वाटतो. दरातून स्थिर खर्च निघालाच पाहिजे अशी अट नसेल, तर ही वाहिनी मुळात बांधायला हवी होती का, हे कळणार कसे? लोक पाणी घेतात ते १२ रुपयांना. त्यावरून एवढेच कळते की ते त्यांना १२ रुपयांचे तरी वाटते. वाहिनी बांधण्याचा खर्च त्यांनी दिला असता की नाही, याची परीक्षा कधी होतच नाही. मग प्रत्येक मतदारसंघाला एकेक वाहिनी हवीशी वाटू लागते.

असे असले तरी या आक्षेपालाही एक मर्यादा आहे. समजा स्थिर खर्च ४ कोटी ८० लाखांऐवजी ६ कोटी आहे. आता हिशेबनिसाचा जिना उतरून पाहा. दर १९ रुपये, मग साडेएकवीस, मग तेवीसच्या जवळ, आणि तो कोठे थांबतच नाही. कारण आपल्या मागणीवर १२ रुपयांच्या वर जास्तीत जास्त वसुली होते ती २६ रुपये दराला. तेव्हा ४२ लाख घनमीटर पाणी खपते आणि १४ रुपयांप्रमाणे ५ कोटी ८८ लाख मिळतात. ६ कोटी कोणत्याच एका दराने निघत नाहीत. सरासरी खर्चाचा नियम सांगेल की योजना गुंडाळा. पण १२ रुपये दराला ग्राहकांचे संतोषाधिक्य, म्हणजे ते जितके द्यायला तयार होते त्यातून प्रत्यक्ष दिलेले वजा जाता उरलेले हित, पावणेबारा कोटींच्या पुढे जाते. (४० रुपयांना मागणी शून्य होते. ४० वजा १२ म्हणजे २८, त्याला ८४ लाखांनी गुणून निम्मे करा.) पावणेबारा कोटींचे हित देणारी योजना ६ कोटींच्या खर्चासाठी बंद करणे हा शहाणपणा नव्हे. 'स्वतःच्या पायावर उभी राहील तीच योजना' या वचनावर आपल्याकडे सगळेच माना डोलावतात. पण सरळ एकाच दरावर उभे राहण्याची सक्ती केली तर कित्येक चांगल्या योजना उभ्याच राहणार नाहीत.

मग करावे काय? माझे मत असे की दोन कामे एकाच दराकडून करून घेण्याचा हट्ट सोडावा. पाण्याच्या प्रत्येक घनमीटरचा दर १२ रुपयेच ठेवावा, म्हणजे वाहिनी भरून वाहील. स्थिर खर्च मात्र जोडणीवर वार्षिक आकार लावून वसूल करावा, आणि तो नळाच्या व्यासाप्रमाणे किंवा करारात मागितलेल्या क्षमतेप्रमाणे असावा. १२० जोडण्या असतील तर ४ कोटी ८० लाखांचा सरासरी भार वर्षाला ४ लाख येतो. लहान रंगाईवाल्याला सरसकट ४ लाख लावले तर तो जोडणीच तोडेल आणि त्याचे पाणी पुन्हा वाया जाईल, म्हणून त्याला ५० हजार आणि मोठ्या कारखान्याला १५ लाख, अशी उतरंड हवी. यात कोझच्या परीक्षेलाही जागा आहे. वर्षाचा आकार भरून लोक जोडणी ठेवतात, याचा अर्थ वाहिनीचा सगळा खर्च त्यांना परवडतो.

सीमान्त खर्चाविषयी एक इशारा येथेच देऊन ठेवतो. १२ रुपये हा आकडा वाहिनीत जागा आहे तोवरचाच आहे. वैशाखात विंधनविहिरी आटल्या की सगळेच नर्मदेच्या पाण्यावर तुटून पडतात आणि वाहिनी ८४ लाखांच्या गतीपेक्षा थेंबभरही जास्त देऊ शकत नाही. त्या दिवसांत एकाला दिलेल्या टाकीचा खर्च पंपाच्या विजेचा नसतो, दुसऱ्याची टाकी रिकामी राहिली त्याचा असतो. म्हणून उन्हाळ्यात दर चढाच असायला हवा. बारमाही एकच दर ठेवून त्याला 'सीमान्त खर्चाचा दर' म्हणणे ही पुस्तकी फसवणूक होय.

पाण्यात जे मी सुचवतो आहे ते विजेत निम्मेअधिक अमलात आहे, आणि बिघाड उरलेल्या भागात आहे. धार आणि देवास हे दोन्ही जिल्हे इंदूरला मुख्यालय असलेल्या पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीच्या हद्दीत येतात. दर ठरवतो तो मध्य प्रदेशचा विद्युत नियामक आयोग. बिलात स्थिर आकार वेगळा आणि प्रत्येक युनिटाचा आकार वेगळा, म्हणजे दोन भागांचा दर तेथे रूढ आहे. पण २००६ च्या राष्ट्रीय दर धोरणाने आयोगांपुढे जो दंडक ठेवला तो सरासरी पुरवठा खर्चाचा. कोणत्याही वर्गाचा दर या सरासरीच्या २० टक्के वर किंवा खाली, एवढ्या पट्ट्यात आणावा. अर्थात सरासरी खर्च हा मापदंड, आणि त्याच्या वरखाली कोणाला ठेवायचे ही वाटाघाट.

या वाटाघाटीत पीथमपूर आणि देवासचे कारखाने वरच्या बाजूला असतात. त्यांच्या जादा दरातून शेतीपंप आणि लहान घरे यांची तूट काही अंशी भरली जाते. आकृतीच्या भाषेत हा एक लपलेला कर आहे, आणि तो विधानसभेत मंजूर होत नाही. शिवाय पाण्याला विंधनविहीर तशी विजेलाही पळवाट आहे. देवासच्या टेकड्यांवर पवनचक्क्या फिरतात आणि कारखान्यांच्या छपरांवर सौर पट्ट्या बसतात. मोठा ग्राहक स्वतःची वीज करू लागला की भाजक लहान होतो आणि हिशेबनिसाचा तोच जिना पुन्हा सुरू होतो. निघून जाणाऱ्या ग्राहकाकडून अधिभार घेण्याची तरतूद २००३ च्या विद्युत कायद्यात आहे. पण जो मूळ दरच खऱ्या खर्चाहून वर आहे, त्याला दरवाजा बंद करून टिकवणे हे फार दिवस चालत नाही.

त्याच कायद्याचे ६५ वे कलम मला या सगळ्यात सर्वांत शहाणे वाटते. राज्य सरकारला एखाद्या वर्गाला आयोगाने ठरवलेल्या दरापेक्षा स्वस्त वीज द्यायची असेल तर खुशाल द्यावी, पण फरकाची रक्कम आगाऊ भरावी. येथे अर्थसाहाय्य हा उघड आकडा होतो, अर्थसंकल्पात येतो, त्यावर प्रश्न विचारता येतो. धारच्या आदिवासीने का द्यायचे, या माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला उत्तर देण्याची जागा विधानसभा आहे. दराच्या तक्त्यातल्या बारीक अक्षरांत ती शोधू नये.

मात्र साहाय्य कोणत्या रूपात दिले जाते यावर सगळे अवलंबून आहे. २०१९ साली मध्य प्रदेशात दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचा सरसकट वार्षिक आकार दर अश्वशक्तीला १४०० रुपयांवरून ७०० रुपयांवर आणला गेला. या आकाराच्या रकमेबद्दल मला तक्रार नाही. शेतकऱ्याला मदत हवी की नको, हा प्रश्नही बाजूला ठेवू. तक्रार आकाराच्या घडणीविषयी आहे. वर्षाचे पैसे एकदा भरले की पुढच्या प्रत्येक युनिटाचा दर शून्य. आपण वर पाहिले की सरासरी खर्चाचा दर खऱ्या खर्चाहून जास्त, म्हणून उपयोग नको इतका घटतो. येथे नेमके उलटे झाले. दर खऱ्या खर्चाहून कमी, म्हणून उपयोग नको इतका वाढतो. रात्री वीज आली की पंप आपोआप चालू व्हावा अशी कळ बसवून ठेवण्यात शेतकऱ्याचे काही चुकत नाही, शून्य किमतीच्या वस्तूबाबत कोणीही हेच करील. पण त्या प्रत्येक युनिटामागे कोळसा जळतो आणि माळव्याच्या काळ्या दगडाखालचे पाणी आणखी थोडे खाली जाते. हेच साहाय्य शेतकऱ्याच्या खात्यात वर्षाची ठोक रक्कम म्हणून घालून युनिटाचा दर खऱ्या खर्चाइतका ठेवला, तर त्याच्या हाती पैसा तेवढाच राहील, आणि वाचवलेले युनिट त्याचे स्वतःचे होईल. यासाठी प्रत्येक पंपाला मीटर लागतो, आणि मीटर म्हटले की गावात पहिला विरोध उभा राहतो. पुढे मागे याच मीटरवरून पूर्ण बिल येईल अशी भीती लोकांना वाटते. ती भीती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही.

घरगुती विजेत याच साली एक योजना आली. महिन्याला १५० युनिटांपर्यंत वापर असेल तर पहिली १०० युनिटे १०० रुपयांत, त्यापुढच्या ५० ना नेहमीचा दर, आणि वापर १५० च्या वर गेला तर सवलत नाही. गरीब घराचे बिल हलके करण्याचा हेतू चांगला, आणि पैसेही सरकारच भरणार. पण सीमान्त दर कसा झाला पाहा. पहिल्या शंभरात तो नाममात्र, पुढच्या पन्नासात नेहमीचा, आणि १५१ व्या युनिटाचा मात्र काहीशे रुपये, कारण ते एक युनिट ओलांडताच मागची सगळी सवलत जाते. वीज मंडळाच्या तारेवरून ते युनिट आणायला खर्च इतर युनिटांइतकाच आला. ज्या घरात मे महिन्यात आजारी माणसासाठी पंखा रात्रभर चालतो, त्या घराला मीटरचा आकडा पाहत महिन्याचे शेवटचे चार दिवस काढावे लागतात. सवलत १५० ला एकदम तोडण्याऐवजी १५० च्या पुढे दर युनिटाला थोडी थोडी कमी करत नेली असती, तर सरकारचा खर्च फारसा वाढला नसता आणि त्या घराला पंखा बंद करायची पाळी आली नसती.